बँडचं नाव: गलबला

लोकहो, भांडण बंद करा, नाव सापडलंय. गलबला.

हसून झालं असेल तर पुढे वाचा. आपल्या चौघांची आवड जुळत नाही हे आता मान्य करू, ड्रमरला मेटल सोडून बाकी सगळं अंगाईगीत वाटतं, बेसवालीला फंक पाहिजे, गायिका अभंग आणि नाट्यसंगीतावर वाढलेली आणि मी आपला वही घेऊन रॅप लिहितोय. आतापर्यंत आलेलं प्रत्येक नाव एकाच्याच बाजूचं होतं. 'रक्तपिपासू' पोस्टरवर वाचून अभंग ऐकायला कोण येणार? आणि 'षड्ज' लावलं तर मेटलवाली पोरं दारातूनच परत जातील, शिवाय ते रोमनमध्ये कसं लिहायचं, Shadj की Shadja की Shadaj, तिघं तीन प्रकारे टाइप करणार आणि तिघांनाही आपण सापडणार नाही. 'चौकडी' मला आवडलं होतं, पण चार मित्रांचा प्रत्येक ग्रुप आधी तिथेच पोचतो, आणि उद्या पाचवा कोणी आला की नाव खोटं पडलं.

गलबला कुठल्याच एका स्टाइलचं नाही. सगळे एकदम बोलायला लागले की जे होतं ते, म्हणजे आपली प्रत्येक प्रॅक्टिस. वर सर वर्गात 'गलबला करू नका' म्हणाले की फुकटची जाहिरात.

आता पोस्टर. नावात चारच अक्षरं, ना जोडाक्षर ना वेलांटी ना उकार, फक्त शेवटी एक काना, त्यामुळे फॉन्ट कुठलाही घ्या, काही फुटत नाही. (षड्जचा ड पाय मोडून वेगळा पडला होता, आठवतंय ना?) चार अक्षरं चार हातांची करायची: ग मेटलच्या लोगोसारखा काटेरी, ल जाड आणि गोलमटोल फंकवाला, ब बोरूने काढल्यासारखा सुबक, ला भिंतीवर स्प्रे मारल्यासारखा. पण शिरोरेषा एकच, सरळ, चौघांवरून जाणारी, ती तुटली तर ते नाव न दिसता नुसती चार चित्रं दिसतील. पाचवा आलाच तर त्याला काना देऊ.

पहिल्या पोस्टरवरचा मजकूर हा, यात भर घालायची नाही:

गलबला
मेटल, फंक, अभंग, रॅप. एकाच वेळी.
शनिवारी संध्याकाळी ६ वाजता, कॉलेजच्या ऑडिटोरियममध्ये
कानात बोळे आणा किंवा मित्र आणा

स्ट्रीमिंगवर रोमनमध्ये Galbala, पहिलंच अक्षर कॅपिटल, मधे जास्तीचा a नाही, आणि हे प्रत्येक गाण्याला अगदी हेच. एका गाण्याला Galbala आणि दुसऱ्याला Galabala गेलं तर दोन वेगळे आर्टिस्ट तयार होतात आणि ऐकणारे वाटले जातात, आधीच ते किती असणारेत. उलट याच नावाचा दुसरा कोणी तिथे असला तर आपलं गाणं त्याच्या पानावर जाऊन बसू शकतं, म्हणून रिलीज टाकायच्या आधी सगळ्या ॲपवर दोन्ही स्पेलिंगं शोधून बघायची, हे काम बेसवालीचं, तिच्याइतकी चिकाटी कोणाकडे नाही. कव्हर चौकोनी, ३००० बाय ३००० पिक्सेल, त्यावर इन्स्टाचा हँडल किंवा लिंक टाकायची नाही, डिस्ट्रिब्युटर परत पाठवतो. प्रोफाइल फोटो गोल कापला जातो, तिथे पूर्ण नाव बसवायच्या भानगडीत न पडता नुसता काटेरी ग, मोबाइलवर एवढासा दिसला तरी ओळखू येतो.

पानावरची ओळख अशी (१५०० अक्षरांपर्यंत जागा मिळते, पण एवढं कोण वाचतं):

"आम्ही चौघं एकाच कॉलेजात आहोत, आमच्यात कॉमन एवढंच. ड्रम मेटल ऐकून शिकलेत, बेस फंकमधून आलाय, आवाज अभंग आणि नाट्यसंगीतावर तयार झालाय, आणि शब्द एका रॅपवाल्याच्या वहीतले आहेत. कोणी कोणाचं ऐकत नाही. गाणी मात्र पूर्ण होतात. आम्ही गलबला."

ड्रमर म्हणेल ओळखीत मेटल पहिलं आलं म्हणून चालेल, गायिका म्हणेल आवाज पहिला पाहिजे, त्यावर माझं उत्तर एकच, पोस्टरवर तिचा ब सगळ्यात देखणा आहे, हिशोब मिटला.

एकदा गाणं गेलं की नाव बदलायला डिस्ट्रिब्युटरच्या मागे लागावं लागतं आणि छापलेली पोस्टरं रद्दीत, त्यामुळे हो की नाही ते आज रात्रीच सांगा, फॉर्म मी उद्या भरतोय. नुसतं 'नाही' चालणार नाही, नाही म्हणणाऱ्याने दुसरं नाव रोमन स्पेलिंगसकट द्यायचं.