नव्या संचालकांना कंपनीने दिलेले नुकसानभरपाईचे हमीपत्र

मकरपुरा जीआयडीसी, वडोदरा
दि. १८ जून २०२५

आदरणीय ताई,

सप्रेम नमस्कार. आपण आमच्या संचालक मंडळावर बिगर-कार्यकारी संचालक म्हणून येण्यास होकार दिलात, याचा आम्हा सर्वांना मनापासून आनंद आहे. सही करण्यापूर्वी आपण विचारले होते, "उद्या माझ्यावर केस झाली तर कंपनी कुठवर पाठीशी उभी राहील?" त्याचे लेखी उत्तर मंडळाच्या ठरावानुसार देत आहे. मुख्य वित्त अधिकारी आणि कंपनी सचिव यांनाही अशीच स्वतंत्र पत्रे दिली आहेत.

आपण संचालक म्हणून प्रामाणिकपणे, कंपनीच्या हिताचे समजून केलेल्या कामाबद्दल कोणी दिवाणी दावा, फौजदारी खटला किंवा सरकारी चौकशी सुरू केली, तर बचावाचा वाजवी खर्च कंपनी देईल. वकिलाची फी, कोर्ट फी, कागदपत्रांचा आणि प्रवासाचा खर्च त्यात येतो. त्रयस्थाला द्यावी लागलेली भरपाईही, कायदा परवानगी देतो तेवढी, कंपनी भरेल.

सर्वात जास्त संभव चेकच्या खटल्याचा असतो, म्हणून तो सविस्तर सांगतो. कंपनीचा चेक परत गेला की तक्रारदार सहसा सगळ्याच संचालकांची नावे घालतो. कायद्याने जबाबदार तो, जो त्या वेळी कंपनीचा कारभार पाहत होता. पण समन्स आपल्या घरी आले की वकील लावणे आणि नाव वगळण्यासाठी अर्ज करणे हे आपल्यालाच करावे लागते. हा खर्च कंपनी पहिल्या दिवसापासून उचलेल. निकालाची वाट पाहायला लावणार नाही. मात्र अशी आगाऊ रक्कम घेताना आपण लिहून द्यायचे, की पुढे आपण या हमीला पात्र नाही असे ठरले तर ९० दिवसांत ती परत कराल.

कंपनीच्या तिजोरीतून एका प्रकरणात जास्तीत जास्त ७५ लाख रुपये मिळतील. त्याशिवाय संचालक आणि अधिकाऱ्यांसाठी ५ कोटींची विमा पॉलिसी घेतली आहे. तिच्यातल्या प्रत्येक दाव्याचे पहिले ५ लाख कंपनी भरते. विम्यातून मिळालेली रक्कम कंपनीकडून पुन्हा मागता येणार नाही. पॉलिसी मी मुद्दाम आग्रहाने घ्यायला लावली. कंपनी दिवाळखोरीच्या प्रक्रियेत गेली तर कंपनीवरचे दावे थांबतात, पण चेकचा खटला संचालकावर चालूच राहतो, आणि तेव्हा कंपनीच्या हमीतून पैसे हाती येतील याची खात्री नसते.

आता जे देता येणार नाही ते. १९५६च्या कंपनी कायद्याचे कलम २०१ निष्काळजीपणा, कर्तव्यभंग किंवा विश्वासघात यांपासून संचालकाला वाचवणारा करार रद्दबातल ठरवत असे. बचाव यशस्वी झाल्यास खर्च देण्याची तेवढी मुभा होती. २०१३च्या कंपनी कायद्यात तसे कलम नाही. काही सल्लागार याचा अर्थ सगळेच मोकळे झाले असा लावतात. मला तो मान्य नाही. त्यातली कलम १६६ची संचालकांची कर्तव्ये जागेवर आहेत, आणि बेकायदा किंवा लोकहिताविरुद्ध हेतूचा करार १८७२च्या करार कायद्याच्या कलम २३नुसार टिकत नाही.

म्हणून फसवणूक, जाणूनबुजून केलेला कायदाभंग, स्वतःचा किंवा नातेवाइकांचा गैरलाभ, लपवलेला हितसंबंध यांतून आलेले नुकसान कंपनी भरणार नाही. गैरलाभाची रक्कम कलम १६६नुसार संचालकाने कंपनीलाच द्यायची असते; ती कंपनीच्याच पैशातून चुकती करण्यात काही अर्थ नाही. शिक्षा म्हणून आपल्यावर व्यक्तिशः बसलेला दंड, आपला वैयक्तिक कर आणि मंडळाच्या लेखी संमतीशिवाय केलेली तडजोड हेही बाहेर राहील. कंपनीनेच आपल्यावर दावा केला आणि आपण हरलात, तर तो बोजा आपला.

बिगर-कार्यकारी संचालकाची जबाबदारी कलम १४९(१२)ने मर्यादित केली आहे: मंडळाच्या कामकाजातून आपल्याला माहीत असलेली आणि आपल्या संमतीने किंवा संगनमताने झालेली कृती, किंवा जिथे आपण दक्षता घेतली नाही. त्यामुळे एखादा ठराव पटला नाही तर विरोध सभेच्या इतिवृत्तात नोंदवून घ्या. तोंडी नाराजी पुढे सिद्ध करता येत नाही.

विम्याबद्दल एक नोंद. कलम १९७(१३)नुसार व्यवस्थापकीय संचालक, वित्त अधिकारी, कंपनी सचिव अशांचा प्रीमियम त्यांच्या मानधनात धरत नाहीत. पण दोष सिद्ध झाला तर तो मानधनाचा भाग ठरतो.

समन्स किंवा नोटीस आल्यावर १५ दिवसांत कंपनी सचिवांना कळवा. आपण पात्र आहात का यावर मंडळात मतभेद झाले, तर प्रकरणाशी संबंध नसलेल्या ज्येष्ठ वकिलांचे लेखी मत घेऊ आणि ते कंपनीवर बंधनकारक राहील; त्या चर्चेत आणि मतदानात आपण भाग घेणार नाही. आपण पद सोडल्यानंतरही, पदावर असतानाच्या कामाबद्दल ही हमी लागू राहील.

पत्राच्या दुसऱ्या प्रतीवर सही करून ती कंपनी सचिवांकडे पाठवावी.

आपला,
अध्यक्ष, संचालक मंडळ