हृदयचक्र: व्हायवासाठी प्रश्नोत्तरं (स्लाइड ३ ते ११)

कागद विचारणाऱ्याच्या हातात. मी अडलो तर मनात पाच आकडे मोज, मगच पहिला शब्द सुचव. अर्ध्यावर पोचलो की अदलाबदल.

प्र. हृदयचक्र किती वेळाचं?
उ. मिनिटाला ७५ ठोके धरले तर ०.८ सेकंद. वेंट्रिकलचं सिस्टोल साधारण ०.३, डायस्टोल ०.५.

प्र. ०.८ कुठून आलं?
उ. ६० भागिले ७५.

प्र. आयसोव्हॉल्युमेट्रिक कॉन्ट्रॅक्शन समजावून सांग.
(स्लाइड ५ वर नुसता आलेख आहे. बोटाने दाखवायचं नाही, तोंडानेच सांगायचं.)
उ. वेंट्रिकल आकसतंय, पण रक्त बाहेर पडत नाहीये. मायट्रल आणि ट्रायकस्पिड मिटलेत, एओर्टिक आणि पल्मनरी अजून उघडायचेत. चारही झडपा बंद, म्हणून रक्त आहे तेवढंच राहतं आणि दाब झपाट्याने चढतो.

प्र. हा टप्पा संपतो कधी?
उ. डावीकडे दाब एओर्टातल्या दाबाच्या, म्हणजे साधारण ८० एमएमएचजीच्या वर गेला की एओर्टिक व्हॉल्व्ह उघडतो.

प्र. आणि उजवीकडे?
उ. तिथे १० च्या आसपास पुरतात. पल्मनरी आर्टरीत दाबच कमी असतो.

प्र. पहिला हृदयध्वनी कशाचा?
उ. मायट्रल आणि ट्रायकस्पिड मिटण्याचा. दुसरा एओर्टिक आणि पल्मनरी मिटण्याचा.
(मी दोनदा ‘उघडण्याचा’ म्हणून बसलोय. तसं म्हणालो तर तिथेच थांबव.)

प्र. श्वास आत घेताना दुसरा ध्वनी दुभंगतो. का?
उ. छातीतला दाब उतरतो, उजवीकडे जास्त रक्त परततं. उजव्या वेंट्रिकलला ते बाहेर टाकायला थोडा जास्त वेळ लागतो, म्हणून पल्मनरी व्हॉल्व्ह उशिरा मिटतो. शिवाय डावीकडे रक्त किंचित कमी येतं, एओर्टिक जरा लवकर मिटतो.
(स्लाइड ८ वर याचे दोनच बाण आहेत. ‘का’ विचारलं की बाण कामाचे नाहीत.)

प्र. स्ट्रोक व्हॉल्यूम काढ.
उ. एंड डायस्टोलिक १२० मिली, एंड सिस्टोलिक ५०. वजाबाकी ७०.

प्र. इजेक्शन फ्रॅक्शन?
उ. ७० भागिले १२०, म्हणजे सुमारे ५८ टक्के.

प्र. कार्डियाक आउटपुट?
उ. ७० गुणिले ७५. ५२५० मिली, म्हणजे मिनिटाला सव्वापाच लिटर.

प्र. ठोके खूप वाढले तर जास्त कशाला कात्री लागते, सिस्टोलला की डायस्टोलला?
उ. डायस्टोलला. वेंट्रिकल भरायला वेळ उरत नाही.

प्र. एवढंच?
(इथे गप्प बस, माझ्याकडे नुसतं बघत राहा. परीक्षक हेच करतात.)
उ. नाही. डाव्या वेंट्रिकलच्या स्नायूला कोरोनरीतून रक्त मुख्यतः डायस्टोलमध्येच मिळतं. म्हणजे काम वाढलं आणि पुरवठ्याचा वेळ घटला.