पहिल्या सत्राचे वेळापत्रक व अभ्यासक्रमाची रूपरेषा : पालकांसाठी मराठी अनुवाद

आपण पाठवलेल्या दोन छायाचित्रांतील मजकुराचा हा अनुवाद आहे; विषयांचे संकेतांक आणि ‘क्रेडिट’ हा शब्द मुद्दाम मूळचेच ठेवले आहेत, कारण गुणपत्रिकेवर आणि नोंदणी अर्जावर तेच दिसतील.

MA101 गणित (३-१-०, ४ क्रेडिट) या विषयाची व्याख्याने सोमवारी, बुधवारी व शुक्रवारी ९ ते १० या वेळेत असून, गुरुवारी दुपारी २ ते ३ ट्युटोरिअल आहे. PH103 भौतिकशास्त्र (३-०-२, ४ क्रेडिट) याच तीन दिवशी १० ते ११ शिकवले जाईल आणि त्याचे प्रात्यक्षिक मंगळवारी दुपारी २ ते ४ होईल. EN102 लेखनकौशल्य (२-०-०, २ क्रेडिट) मंगळवारी व गुरुवारी १० ते ११ आहे.

कंसातील तीन आकडे अनुक्रमे व्याख्यान, ट्युटोरिअल व प्रात्यक्षिक यांचे आठवड्याचे तास दाखवतात. प्रात्यक्षिकाच्या दोन तासांना एकच क्रेडिट मिळते, म्हणून PH103 ला पाच तास असूनही क्रेडिट चारच आहेत. ही छपाईची चूक नव्हे.

MA101 च्या रूपरेषेत सीमा व सातत्य, विकलन, संकलन आणि सारणी असे चार घटक आहेत. अंतर्गत मूल्यमापनाला ३०, मध्यसत्र परीक्षेला २० आणि सत्रान्त परीक्षेला ५० गुण असून, सत्रान्त परीक्षेस बसण्यासाठी ७५ टक्के उपस्थिती आवश्यक आहे.

दुसऱ्या छायाचित्राचा खालचा कोपरा कापला गेल्याने PH103 चा शेवटचा घटक वाचता आला नाही. तेवढ्या भागाचे छायाचित्र कृपया पुन्हा पाठवावे.