11 नोव्हेंबरची सकाळ: संकलनाच्या नोंदी 52 मिनिटं अडकल्या, त्याचा आढावा

नमस्कार मंडळी,

मंगळवारी सकाळी 6:00 ते 6:52 या वेळात आपल्या 214 पैकी एकाही दूध संकलन केंद्रावरून नोंद जमा होत नव्हती, त्यामुळे पावत्याही निघत नव्हत्या. काल संध्याकाळी शेवटच्या केंद्राचा ताळा जुळला, म्हणून आज सविस्तर लिहितोय. यात कुणाचंही नाव नाही, आणि खाली चर्चेतही नको. त्या सकाळी प्रत्येकाने समोर जे दिसत होतं त्यावरून योग्यच पाऊल उचललं. काय दिसत नव्हतं, ते आपल्याला शोधायचंय.

केंद्रावर काय झालं

6:08 ला राधानगरी तालुक्यातल्या एका संस्थेच्या सचिवांचा फोन आला. "साहेब, चक्र नुस्तं फिरतंय, पावती काय येईना. बायका किटल्या घेऊन थांबल्यात." फॅट मशीन चालू होतं, काटा चालू होता, लिटर, फॅट, एसएनएफ सगळं पडद्यावर येत होतं. फक्त 'जमा करा' दाबलं की पुढे काही होत नव्हतं. 30 सेकंदांनी 'पुन्हा प्रयत्न करा' असा संदेश यायचा, आणि माणसं अर्थातच पुन्हा दाबायची. आपणच तसं लिहिलंय त्या पडद्यावर.

दुधाची गाडी कुणासाठी थांबत नाही. 38 केंद्रांनी वही काढून हाताने लिहायला सुरुवात केली, बाकीच्यांनी रांग थांबवून धरली. दूध कुठेही परत गेलं नाही, हे सर्वस्वी केंद्रांवरच्या माणसांमुळे. आपल्या सॉफ्टवेअरने त्यांना काहीच मदत केली नाही.

कारण

शनिवारी, 8 तारखेच्या रात्री आपण डेटाबेस नव्या सर्व्हरवर नेला. जुन्या सर्व्हरचं घड्याळ भारतीय वेळेवर होतं, नव्याचं यूटीसीवर. `crontab` मात्र जशीच्या तशी उचलून ठेवली. त्यातली ही ओळ:

```
30 0 1,11,21 * * /opt/sankalan/bin/hapta_band.sh
```

दहा दिवसांचा बिलाचा हप्ता संपला की त्या रात्री 12:30 ला हे काम चालतं: जुन्या हप्त्याला कुलूप, मग नोंदींच्या टेबलाचे इंडेक्स नव्याने बांधणं. यूटीसीचे 12:30 म्हणजे आपल्याकडचे सकाळचे 6:00. ऐन संकलनाची वेळ.

इंडेक्स बांधायला आपण साधं `REINDEX TABLE` वापरत होतो. ते चालू असेपर्यंत पोस्टग्रेस त्या टेबलात काहीही लिहू देत नाही. टेबलात अंदाजे 11 कोटी नोंदी आहेत आणि या कामाला एरवी तासभर लागतो. रात्री साडेबाराला कुणी दूध घालत नाही, म्हणून इतकी वर्षं हे कुणाला जाणवलंच नाही.

रविवार आणि सोमवार सुरळीत गेले, कारण हे काम महिन्यातून तीनदाच चालतं. पण एक खूण होती, आणि ती मला फार लागून राहिली आहे. रात्री 2:00 चा बॅकअपही त्या दोन दिवशी सकाळी 7:30 ला झाला. बॅकअपमुळे लिहिणं अडत नाही, त्यामुळे तक्रार आली नाही. आणि फाइलचं नाव होतं `backup_2025-11-10_0200`. सोमवारी सकाळी मी स्वतः ते नाव बघून 'बॅकअप ठीक' असं याच चॅनेलवर टाकलं होतं. नावातली वेळसुद्धा यूटीसीच होती, म्हणून ती बरोबर दिसली.

सापडायला 41 मिनिटं का लागली

सर्व्हर दोन दिवसांपूर्वीच हलवला होता, म्हणून पहिला संशय नेटवर्कवर गेला. फायरवॉल, राउटर, एसएमएस पुरवठादार असं एकेक तपासण्यात 25 मिनिटं गेली. आपले इशारे सीपीयू आणि डिस्कवर लावलेले आहेत. कुलूप उघडण्याची वाट बघत बसलेल्या नोंदी सीपीयू खात नाहीत, त्यामुळे फलकावर सगळं हिरवं होतं. 6:33 ला डेटाबेस बघायचं ठरलं, आणि 6:41 ला या प्रश्नाने उत्तर दिलं:

```sql
SELECT pid, pg_blocking_pids(pid), left(query, 60)
FROM pg_stat_activity
WHERE wait_event_type = 'Lock';
```

शंभरच्या शंभर जोडण्या एकाच `pid` च्या मागे उभ्या होत्या. त्यानंतरची आठ मिनिटं 'हे मध्येच तोडलं तर इंडेक्स बिघडतील का' या विचारात गेली. ही शंका रास्तच होती आणि उत्तर कुठेही लिहून ठेवलेलं नव्हतं. आता लिहून ठेवतो: साधं `REINDEX` मध्येच रद्द केलं तर जुना इंडेक्स जसाच्या तसा राहतो. 6:49 ला `pg_cancel_backend` चालवलं, आणि 6:52 पर्यंत तुंबलेली रांग रिकामी झाली.

दुबार नोंदी

खरं जिकिरीचं काम यानंतर सुरू झालं. केंद्राच्या पडद्याने 30 सेकंदांनी हात टेकले, तरी ती नोंद ॲप सर्व्हरच्या रांगेत जिवंतच होती. कुलूप उघडल्यावर पहिला प्रयत्नही जमा झाला, दुसराही, तिसराही. प्रत्येकामागे उत्पादकाच्या मोबाइलवर एसएमएसही गेला.

एकाच सत्रात एकाच उत्पादक क्रमांकावर एकापेक्षा जास्त नोंदी शोधल्या, तेव्हा 1,187 जादा नोंदी निघाल्या. त्या तिथेच पुसल्या असत्या तर मोठी चूक झाली असती. आपल्याकडे एकाच घरची म्हैस आणि गाय दोन्ही असतात, आणि दोन्हींचं दूध वेगळं मोजून एकाच क्रमांकावर घातलं जातं. सपोर्टला बसणाऱ्या आपल्या सहकाऱ्याने ते लगेच सांगितलं, कारण त्यांच्या घरीही तसंच घालतात. मग दुधाचा प्रकार, लिटर, फॅट आणि एसएनएफ हे चारही आकडे तंतोतंत जुळतात अशाच नोंदी घेतल्या. त्या भरल्या 1,126. म्हणजे 61 नोंदी खऱ्या होत्या आणि थोडक्यात वाचल्या.

या 1,126 पैकी सात जोड्यांमध्ये दोन नोंदींतलं अंतर चार मिनिटांपेक्षा जास्त होतं. तिथे अंदाज न करता केंद्रांना फोन केले. पाच दुबार निघाल्या. दोन खऱ्या होत्या: एका घरून सारख्याच मापाच्या दोन किटल्या आल्या होत्या आणि दूध एकत्र करून दोनदा मोजलं होतं. अखेर 1,124 नोंदी बाद केल्या. पुसलेल्या नाहीत, 'बाद' अशी खूण करून ठेवल्या आहेत. कुणीही विचारलं तर दाखवता येतील. वहीवर लिहिलेल्या 38 केंद्रांच्या नोंदी बुधवारी संध्याकाळपर्यंत चढवल्या आणि प्रत्येक केंद्राची बेरीज गाडीच्या पावतीशी जुळवली.

पैशांचं काय

कुणाच्याही बिलात एक रुपयाचा फरक पडलेला नाही. दुबार नोंदी 11 तारखेच्या, म्हणजे नव्या हप्त्यातल्या होत्या, आणि त्या बिलापर्यंत जायच्या आत निघाल्या. 1 ते 10 चं बिल मात्र उशिरा गेलं. हप्ता बंद करण्याचं काम अर्धवट राहिल्याने सकाळी 10 ऐवजी दुपारी 4:40 ला याद्या केंद्रांकडे पोचल्या. हप्त्याच्या पैशांवर पेंडेची उधारी आणि घरचा बाजार अवलंबून असतो. साडेसहा तास आपल्याला किरकोळ वाटले तरी केंद्रात चौकशीला आलेल्या माणसाला ते किरकोळ नसतात.

चुकीच्या एसएमएसची दुरुस्ती एसएमएसने कळवता आली नाही. मजकुराचा नमुना डीएलटीवर आधी मंजूर असावा लागतो आणि 'आधीचा संदेश रद्द समजावा' असा नमुना आपण कधी नोंदवलाच नव्हता. म्हणून केंद्रांच्या फळ्यावर लिहून घेतलं.

काय बदललं

काम `cron` मधून काढून टायमरवर ठेवलं, आणि वेळेसोबत तिचा प्रदेशही लिहिला:

```
OnCalendar=*-*-01,11,21 00:30:00 Asia/Kolkata
```

`cron` मध्येच यूटीसीची वेळ का लिहिली नाही, असं दोघांनी विचारलं. आपले रात्रीचे 12:30 म्हणजे यूटीसीचे आदल्या दिवशीचे 19:00. मग तारखा होतात 10, 20 आणि महिन्याचा शेवटचा दिवस. हा शेवटचा दिवस कधी 28, कधी 29, 30 किंवा 31, आणि `cron` ला 'शेवटचा दिवस' असं सरळ सांगता येत नाही. सर्व्हरचं घड्याळच भारतीय वेळेवर आणावं असाही विचार झाला. ते नको, असं माझं मत आहे. पुढच्या स्थलांतरात हाच खड्डा पुन्हा तयार होईल. ज्या ओळीत वेळ लिहिली आहे, त्याच ओळीत ती कुठली हे दिसायला हवं. बॅकअपचं कामही तसंच बदललं आणि फाइलच्या नावात आता शेवटी `IST` येतं.

इंडेक्स आता `REINDEX TABLE CONCURRENTLY` ने बांधतो. वेळ जास्त लागतो, पण लिहिणं थांबत नाही. लक्षात ठेवायचं एवढंच की ते मध्ये फसलं तर `_ccnew` शेपटीचा निकामी इंडेक्स मागे राहतो, तो काढून टाकावा लागतो. काम संपल्यावर तसा काही उरलाय का हे स्क्रिप्ट स्वतः तपासते. कुलपासाठी कुठलीही नोंद 20 सेकंदांपेक्षा जास्त थांबली तर आता फोन वाजतो. बुधवारी चाचणी सर्व्हरवर मुद्दाम अडवून पाहिलं, वाजला.

अजून राहिलेलं:

- प्रत्येक नोंदीला केंद्राच्या संगणकावरच कायमचा क्रमांक द्यायचा आणि डेटाबेसमध्ये तो एकदाच स्वीकारायचा, म्हणजे दहा वेळा बटण दाबलं तरी नोंद एकच. केंद्र-सॉफ्टवेअर टीम, 28 नोव्हेंबर.
- दुरुस्तीच्या एसएमएसचा नमुना नोंदवणं. सपोर्ट, या शुक्रवारपर्यंत अर्ज.
- स्थलांतराच्या यादीत `timedatectl` बघणं आणि वेळेवर चालणाऱ्या प्रत्येक कामाची पुढची वेळ भारतीय वेळेत लिहून काढणं. ही यादी आपण चौघांनी वाचली होती आणि चौघांनाही ती पूर्ण वाटली होती. मी, उद्या.

एक मोठा प्रश्न उरतो, तो सोमवारी घेऊ: सर्व्हर बंद असला तरी केंद्रावर पावती निघायला हवी. नोंद आधी तिथेच साठवायची, पावती द्यायची, मग सावकाश वर पाठवायची. यात दोन महिन्यांचं काम आहे आणि दरपत्रक मध्येच बदललं तर काय, हा खरा पेच आहे. तरी मला हे करायचंय. त्या पावतीवर उत्पादकाचा विश्वास असतो. ती हातात पडल्याशिवाय रिकामी किटली घेऊन घरी जायला कुणी तयार नसतं.

पुढचा हप्ता गुरुवारी 20 तारखेच्या मध्यरात्रीनंतर 12:30 ला बंद होईल. 12:15 पासून मी या चॅनेलवर आहे, डेटाबेस बघणारे सहकारीही थांबणार आहेत. शुक्रवारी सकाळी 6:05 ला राधानगरीच्या त्या सचिवांना फोन करून पावती निघतेय का ते विचारेन आणि इथे लिहीन.