अडकलेली पावती

जिनिंगमधली माझी पहिली रात्रपाळी. हिंगणघाटपासून तासाभरावरचं गाव, डिसेंबरची थंडी. संध्याकाळी लाईट गेली तशी सर्व्हरकडं नोंदी पाठवणारी सिंकही गेली. गाड्या मात्र येतच राहिल्या. काट्यावरच्या नोंदी आधी पावतीबुकात उतरल्या, मग आमच्याच संगणकात साचल्या. दहाला मी खुर्चीत बसलो तेव्हा पडद्यावर होतं: `Pending: 143`.

"नेट तं नऊलेच आलं," गजूभाऊ म्हणाले. "तरी एकबी पावती हालून नाही राहिली."

"सगळ्या एकदम पाठवू काय भाऊ? `Retry All` आहे इथं."

"हात नको लावू! मागच्या साली कोणंतरी दाबलं. एकाच कापसाच्या दोन-दोन पावत्या चढल्या. निस्तरता निस्तरता संक्रांत गेली."

मग पहिलीच नोंद उघडली. वेळ ६:५२. भरगाडी १७२०, रिकामी ३०४०. निव्वळ वजन उणे १३२० किलो! दोन आकडे उलट्या घरांत पडले होते. सर्व्हर ती घेत नव्हता, आणि तिच्यामागं १४२ जणांचा कापूस ताटकळत उभा होता.

आकडे उलटे करून मोकळं होता आलं असतं. पण अंदाजानं वजन लिहायचं नाही, हे माझ्या बापानं मला काट्यावरच शिकवलं आहे. आमचा कापूसही दरवर्षी असाच मोजला जातो. लाईट गेल्यावर भरलेलं पावतीबुक काढलं. कार्बनवर पुसट, पण वाचता आलं: भरगाडी ३०४०, रिकामी १७२०. आर्द्रता ९ टक्के, तीही ताडून पाहिली; ८ च्या वर गेली की दर कापला जातो, तिथं चूक नको.

"याचा मालक शेकोटीजवळच बसून आहे," गजूभाऊ म्हणाले. "मेसेज आल्याबिगर जात नाही म्हणते."

बाहेर गेलो. पागोटं कानांवर ओढून एक बाबाजी बसले होते. त्यांनी धोतराच्या गाठीतून आपली पावती काढली. आकडे जुळले.

"चूक झाली काय बाबू?"

"लिहिण्यात झाली, बाबाजी. वजनात नाही."

गजूभाऊंनी पासवर्ड टाकला, मी दुरुस्ती केली आणि ती एकच नोंद पाठवली. मिनिटभर काही नाही. मग १४२. मग १४१, १४०. बाहेर बाबाजींचा फोन वाजला.

"वाचून दाखव बाप्पा, मले दिसत नाही."

"१३ क्विंटल २० किलो."

त्यांनी ते दोनदा वदवून घेतलं, मग पिकअपवाल्याला हाक मारली. गाडी फाटकाबाहेर पडली तेव्हा मी परत पडद्यासमोर होतो. आकडा उतरत उतरत ६१ वर थांबला. दोन मिनिटं वाट पाहिली, हालेना.

"पावतीबुक दे इकडं," गजूभाऊंनी खुर्ची जवळ ओढली. "गाडी नंबर वाच."