तुझ्यासाठी माझी वचनं

कागद हातात धरलाय, कारण तुझ्याकडे बघितलं की पाठ केलेलं सगळं उडून जातं.

तू वाक्य अर्धं सोडतेस आणि मी ते पूर्ण करीन असं धरून चालतेस. बहुतेक वेळा मला जमत नाही. मग तू भुवई वर करून वाट बघतेस. ती भुवई मला फार आवडते.

बाबांच्या ऑपरेशनच्या रात्री तू ‘सगळं ठीक होईल’ म्हणाली नाहीस. माझ्या फोनसाठी कुठूनतरी चार्जर मिळवलास, आणि सकाळपर्यंत शेजारी बसून राहिलीस. माझं तेव्हाच ठरलं.

म्हणून आज सगळ्यांसमोर सांगतो.

मी चिडलो की गप्प होतो. यापुढेही होईन कदाचित, पण उठून निघून जाणार नाही.

तुझं काम माझ्या कामाइतकंच मोठं मानीन. घरातलं काम ‘मदत’ म्हणून नाही, माझं म्हणून करीन. (आई, हसू नकोस.)

तुझं काही पटलं नाही, तर ते तुला एकटीला सांगीन. चारचौघांत तुझ्याच बाजूने उभा राहीन.

आजारपण येईल, पैशाची ओढाताण होईल, आपण दोघंही थकू. तेव्हा तुझ्यापासून काही लपवणार नाही, आणि तुला एकटीला निभवावं लागू देणार नाही.

तुला कायम सुखात ठेवीन, असं वचन देत नाही. ते कुणाच्या हातात नसतं. सोबत राहणं माझ्या हातात आहे, आणि ते मी देतो.

माझं तुझ्यावर खूप प्रेम आहे.

आता तू बोल.