परिपत्रक: क्लायंटशी झालेले महत्त्वाचे चॅट कुठे ठेवायचे आणि काय कधीच ठेवायचे नाही

दिनांक: २ फेब्रुवारी २०२६
कार्यालय: दांडिया बाजार, वडोदरा
प्रति: लेखा, आयकर, जीएसटी आणि आवक-जावक टेबलावरील सर्व सहकारी, सर्व आर्टिकल्स, तसेच बाहेरची कामे पाहणारी मंडळी

आपल्या कार्यालयात निम्म्याहून जास्त सूचना आता व्हॉट्सॲपवर येतात. "अमुक खर्च यंदाच टाका", "त्या बिलाचा आयटीसी घेऊ नका", "भाडे मार्चपासून धरा". पूर्वी हे कागदावर यायचे आणि फाइलला लागायचे. आता ते तुमच्या-माझ्या खिशातल्या फोनमध्ये राहते आणि फोनबरोबर जाते.

ऑगस्ट २०२४ मध्ये विश्वामित्रीचे पाणी शहरात शिरले, तेव्हा समा भागात राहणाऱ्या आपल्या एका सहकारी ताईंच्या घरात कमरेइतके पाणी होते. फोन गेला. गुगलची जागा भरल्यामुळे बॅकअप कित्येक महिने झालाच नव्हता. मकरपुरा जीआयडीसीतल्या एका क्लायंटने जूनमध्ये गोदामाच्या भाड्याचा आयटीसी घ्यायला त्याच फोनवर सांगितले होते. वर्षभराने नोटीस आली. ते गोदाम पुतण्याच्या धंद्यासाठी वापरले जात होते, असे तेव्हा कळले. क्लायंट म्हणाले, "मी असे सांगितलेच नव्हते." ते खोटे बोलत होते असे मला वाटत नाही, त्यांना खरेच आठवत नव्हते. त्यांनीही मधल्या काळात फोन बदलला होता आणि जुने चॅट आणलेच नव्हते. आपल्याकडे दाखवायला एक ओळ नव्हती. व्याजाची रक्कम साहेबांनी स्वतःच्या खिशातून भरली आणि ताई आठवडाभर स्वतःला दोष देत होत्या. त्यात त्यांचा दोष नव्हता. चॅट कुठे ठेवायचे हे मी तोवर कोणाला सांगितलेच नव्हते, ती चूक माझी होती.

म्हणून आजपासून पुढीलप्रमाणे.

कोणते चॅट ठेवायचे

ज्यामुळे हिशेबातला आकडा, विवरणपत्र, तारीख किंवा जबाबदारी बदलते, तो प्रत्येक संदेश महत्त्वाचा. आकडा मंजूर केला, नोंद बदलायला सांगितली, मुदत वाढवून मागितली, आपला सल्ला मानला नाही, फी ठरली: हे सगळे त्यात आले. सल्ला न मानल्याचा संदेश तर सर्वात आधी ठेवा, कारण पुढे वाद होतो तो तिथेच. सणाच्या शुभेच्छा, "चहाला येतो", लग्नपत्रिका यातले काहीही ठेवायचे नाही.

कुठे ठेवायचे

सर्व्हरवर, त्या क्लायंटच्या फोल्डरमध्ये, आर्थिक वर्षाखाली. दुसरीकडे कुठेही नाही. स्वतःच्या ईमेलवर, स्वतःच्या गुगल ड्राइव्हवर, पेनड्राइव्हवर किंवा "स्वतःलाच पाठवलेल्या" व्हॉट्सॲप संदेशात ठेवलेले चॅट कार्यालयात जमा झाले असे मी धरणार नाही. फाइलच्या नावात आधी तारीख, मग क्लायंटचा क्रमांक, मग विषय. क्लायंटचे नाव फाइलच्या नावात लिहू नका. नमुना:

```
Z:\CLIENT\M-042\2025-26\CHAT\2026-01-19_M-042_godown-bhade.txt
```

चॅट बाहेर काढण्यासाठी अँड्रॉइड फोनवर त्या चॅटमध्ये वरच्या तीन ठिपक्यांवर जाऊन `More`, मग `Export chat` निवडा. फोटो-बिलांची गरज नसेल तर `Without media` घ्या. फोटोंसह घेतले तर अलीकडचे १०,००० संदेशच येतात, फोटोंशिवाय ४०,०००. जुन्या क्लायंटचे चॅट वर्षानुवर्षे साठलेले असते, म्हणून वर्षअखेरीची वाट न पाहता दर तिमाहीला काढा. एखाद्या क्लायंटने `Advanced chat privacy` चालू केले असेल तर चॅट बाहेर काढता येत नाही. अशा वेळी त्यांच्याशी भांडू नका. तो त्यांचा हक्क आहे. महत्त्वाची बाब त्यांच्याकडून ईमेलवर मागवा.

आपोआप पुसले जाणारे संदेश, म्हणजे २४ तास, ७ दिवस किंवा ९० दिवसांचे, कार्यालयीन चॅटमध्ये बंद असले पाहिजेत. समोरच्यानेही ते चालू केलेले असू शकतात. चॅटच्या माहितीपानावर आजच पाहून घ्या.

आता व्हॉइस नोटबद्दल थोडे सविस्तर, कारण आपल्या गावात अर्धा कारभार आवाजातच चालतो. दुकानातून, स्कूटरवरून, मांडवीच्या गर्दीतून तीन मिनिटांची व्हॉइस नोट येते. त्यात मुलाच्या परीक्षेची चौकशी असते, गोडतेलाचे भाव असतात आणि मधेच एक वाक्य असते: "पेलुं मशीन काढी नाखजो." कोणते मशीन? विकले असे दाखवायचे की भंगारात? सहा महिन्यांनी ही व्हॉइस नोट ऐकून कोणालाही काही कळणार नाही. म्हणून व्हॉइस नोट किंवा फोन झाला की दहा मिनिटांत दोन ओळी लिहून क्लायंटला पाठवायच्या. क्लायंटच्या भाषेत लिहा, मजकूर असा: "आज दुपारच्या फोननुसार जुने लेथ मशीन डिसेंबरमध्ये विकले असे धरून नोंद करत आहोत, विक्री रु. ८५,०००. बरोबर आहे का?" त्यांचे "बराबर" आले की तेवढे दोन संदेश जपायचे. मूळ व्हॉइस नोट ठेवायची गरज नाही. "बराबर" येईपर्यंत नोंद करायची नाही, मग शेवटची तारीख उद्याची का असेना. मला फोन करा, मी क्लायंटशी बोलेन.

बाहेर काढलेली फाइल कोणालाही उघडून बदलता येते. त्यामुळे वाद उभा राहिला किंवा नोटीस आली तर फोनमधले मूळ चॅट पुसायचे नाही, फोन विकायचा नाही, रीसेट करायचा नाही. भारतीय साक्ष्य अधिनियम, २०२३ च्या कलम ६३ प्रमाणे इलेक्ट्रॉनिक नोंद न्यायालयात द्यायची तर सोबत प्रमाणपत्र लागते आणि त्यात ती नोंद कोणत्या उपकरणातून आली हे सांगावे लागते. ते साहेब आणि वकील पाहतील. तुम्ही फक्त फोन जसाच्या तसा ठेवा.

जीएसटीशी संबंधित चॅट हिशेबाच्या वह्यांइतकाच काळ ठेवायचे. म्हणजे त्या वर्षाच्या वार्षिक विवरणपत्राच्या शेवटच्या तारखेपासून ७२ महिने, आणि अपील चालू असेल तर त्याहून जास्त. मुदत संपल्यावर काय पुसायचे ते मी ठरवेन.

काय कधीच ठेवायचे नाही

इथे मला सवलत द्यायची नाही.

ओटीपी ठेवायचा नाही, आणि चॅटवर मागायचाही नाही. विवरणपत्र भरल्यावर पडताळणीला ३० दिवस असतात. क्लायंट घरी बसून स्वतः करू शकतात, किंवा त्यांच्याच फोनवर समोरासमोर करून घ्या.

पासवर्ड चॅटमध्ये, वहीत किंवा एक्सेलमध्ये नको. मागच्या आठवड्यात मला तीन कॉम्प्युटरवर `password.xlsx` नावाची फाइल सापडली. एकीत दोनशेहून जास्त क्लायंटचे आयकर आणि जीएसटीचे पासवर्ड होते आणि ती फाइल उघडायला पासवर्ड नव्हता. तिन्ही आता पुसल्या आहेत. पासवर्ड फक्त माझ्या आणि साहेबांच्या कॉम्प्युटरवरच्या पासवर्ड मॅनेजरमध्ये राहतील. लागेल तेव्हा माझ्याकडे या, एक मिनिट लागेल. क्लायंटने चॅटवर पासवर्ड पाठवलाच तर तो मला दाखवून लगेच पुसा आणि त्यांना बदलायला सांगा.

डिजिटल सहीच्या टोकनवर चिकटपट्टी लावून त्यावर पिन लिहायची आपल्याकडे जुनी सवय आहे. गेल्या गुरुवारी खण उघडला तर चौदा टोकन होते आणि त्यातल्या नऊंवर निळ्या बॉलपेनने पिन लिहिलेला होता. क्लायंटची सही आणि ती करायची किल्ली, दोन्ही एकाच चिकटपट्टीवर. त्या पट्ट्या मी स्वतः काढल्या आहेत. यापुढे टोकन कुलपात, वापराची नोंद रजिस्टरमध्ये आणि पिन क्लायंटच्या डोक्यात.

कार्डाचा सीव्हीव्ही, यूपीआय पिन, नेट बँकिंगचा पासवर्ड यांच्याशी आपला काही संबंध नाही. पैसे घेताना यूपीआय पिन लागतच नाही, हे वयस्कर क्लायंटना प्रेमाने सांगा.

आधारचा फोटो गॅलरीत नको. आपले बरेचसे काम मास्क्ड आधारवर भागते, ज्यात शेवटचे ४ आकडेच दिसतात. ते `myaadhaar.uidai.gov.in` वरून क्लायंटना स्वतः उतरवता येते. जिथे पूर्ण क्रमांक लागतो तिथे टाइप करा आणि फोटो पुसा. गेल्या नवरात्रीत आपल्यातले एकजण गरब्याच्या पासचा क्यूआर दाखवायला गेटवर गॅलरी उघडून उभे होते आणि पासच्या आधी क्लायंटच्या आईचे आधार कार्ड उघडले. मागच्या रांगेतल्या मुलाने ते मोठ्याने वाचले. व्हॉट्सॲपमधील `Media visibility` बंद करा, म्हणजे आलेले फोटो गॅलरीत जाणार नाहीत.

आणि दुखण्याखुपण्याचे कागद. विम्याच्या हप्त्याची वजावट घ्यायची तर हप्त्याची पावती पुरते, तरी क्लायंट गोंधळून अख्खा रिपोर्ट पाठवतात. मागे एका काकूंचा बायोप्सीचा रिपोर्ट असाच आला होता आणि तो दोन महिने आपल्या ग्रुपवर पडून होता. त्यांच्या घरातही तोवर सगळ्यांना माहीत नव्हते. असा कागद आला तर पुढे पाठवू नका, उघडून चर्चा करू नका. तो पुसा आणि "फक्त पावती पुरे" असे कळवा. हाच नियम सहकाऱ्यांचे पगार, रजेची कारणे आणि घरगुती अडचणी यांनाही लागू आहे.

चूक झाली तर

चुकीच्या ग्रुपवर काही गेले, फोन हरवला, पासवर्ड उघडा पडला, तर त्याच दिवशी मला सांगा. रात्री अकरालाही चालेल. सांगितल्याबद्दल कोणालाही बोलणी बसणार नाहीत, साहेबांशी माझे तसे बोलणे झाले आहे. कोणाच्या खात्यातून पैसे गेले असतील तर माझी वाट न पाहता आधी १९३० वर फोन करा, मग मला.

शनिवार, ७ फेब्रुवारीला दुपारी ३ वाजता सर्वांनी फोन पूर्ण चार्ज करून कॉन्फरन्सच्या खोलीत यावे. चालू वर्षाचे चॅट त्याच दिवशी सर्व्हरवर घेऊ आणि नको ते पुसू. तुमचे खासगी चॅट कोणी उघडणार नाही. फोन तुमच्याच हातात राहील, मी फक्त शेजारी बसेन. बाहेरच्या कामावर असणाऱ्यांनी सोमवारी सकाळी यावे. या परिपत्रकाची गुजराती प्रत पाणपोईजवळच्या फलकावर लावली आहे. वाचून झाल्यावर आवक-जावक टेबलावरच्या रजिस्टरमध्ये सही करावी.

कार्यालय व्यवस्थापक
दांडिया बाजार कार्यालय, वडोदरा